कंडेन्सर बदलला तरी पंखा पुन्हा हळू: २.५ एमएफडी ±५%चा खरा हिशेब

उन्हाळा लागला की माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच असते: "पंखा हळू फिरतोय, मागच्या वर्षीच कंडेन्सर बदलला होता." त्यातले निम्मे लोक आता स्वतःचं मल्टिमीटर घेऊन येतात, आणि मग दुसरी तक्रार सुरू होते: "कंडेन्सरवर २.५ लिहिलंय, ±५% लिहिलंय, मीटर २.३१ दाखवतंय, म्हणजे दुकानदाराने फसवलं ना?" फसवलं असेल, नसेलही. या एका आकड्यावरून ते सांगता येत नाही. का येत नाही, आणि मग कशावरून सांगायचं, ते एका घरातल्या पंख्यावरून दाखवतो.

आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त काका राहतात. हॉलमधल्या पंख्याचा कंडेन्सर त्यांनी दोन वर्षांत दोनदा बदलून घेतला होता. काका काही फेकणारे नव्हेत, त्यामुळे काढलेले दोन्ही कंडेन्सर ड्रॉवरमध्ये जपून ठेवलेले. एक मूळचा, पंख्याबरोबर आलेला. दुसरा पहिल्या बदलाच्या वेळचा. तिसरा पंख्यावर. तिन्हींवर छापलेलं तेच: २.५ एमएफडी म्हणजे मायक्रोफॅरड, ±५%, ४४० व्होल्ट एसी. पंखा तरीही हळू. काका म्हणाले, "आता चौथा आणू का?"

आधी त्या ±५%चं बघू. २.५चे ५ टक्के म्हणजे ०.१२५. कंपनी सांगते की नवा कंडेन्सर २.३७५ ते २.६२५च्या मध्ये कुठेही असू शकतो आणि तो चांगलाच समजायचा. नेमका २.५० असेल असं कोणी म्हटलेलंच नाही. एकाच खोक्यातले दोन कंडेन्सर २.४० आणि २.५८ निघाले तर दोन्ही बरोबर. पंख्यालाही या फरकाचं फारसं काही वाटत नाही. दोन्ही आलटून पालटून लावा, वेगातला फरक अंगाला जाणवणार नाही. ज्याला घरातली माणसं "हळू झाला" म्हणतात तितका वेग पडायला कंडेन्सर बराच खाली, दोनच्या आसपास किंवा त्याखाली गेलेला असावा लागतो, असा माझा अनुभव आहे. पूर्ण गेलेला असेल तर पंखा नुसता गुणगुणतो, आणि काठीने ढकलाल त्या दिशेला कसाबसा फिरायला लागतो.

म्हणजे २.३७५ ते २.६२५ ही पट्टी नवा माल तपासायची आहे. चार वर्षं चाललेला कंडेन्सर २.३५वर आला म्हणून पंखा हळू झाला, हा निष्कर्ष चुकीचा. पण मिस्त्री तेच करतो. मीटर लावतो, २.३७५च्या खाली दिसलं की "गेला" म्हणतो, नवा लावतो, पैसे घेतो. ज्यामुळे पंखा हळू झाला ते तसंच राहतं आणि तक्रार परत येते.

आता मोजायचं. मेन बंद करा, नुसतं बटण नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं आणि मग बटण बंद असूनही पंख्यात करंट असतो. एमसीबी खाली ओढा. पंख्याची वरची किंवा खालची वाटी सरकवली की कंडेन्सर दिसेल. निदान एक वायर सोडवल्याशिवाय मोजू नका, नाहीतर मीटर कंडेन्सरबरोबर वायंडिंगही मोजतं आणि काहीच्या काही आकडा देतं. मोजण्याआधी कंडेन्सर रिकामा करा. चालू पंख्यात याच्या दोन टोकांमध्ये घरातल्या व्होल्टेजपेक्षा जास्त व्होल्टेज असतं, म्हणून तर त्यावर ४४० लिहितात. बरेच जण स्क्रूड्रायव्हरने टोकं जोडून ठिणगी पाडतात. त्याने आतल्या पातळ धातूच्या थराच्या कडा दुखावतात, म्हणजे तपासायला गेलात आणि तुम्हीच बिघडवलात. होल्डरला दोन वायरी लावलेला साधा फिलामेंटचा बल्ब टोकांना क्षणभर लावला तरी काम होतं.

मीटर २० मायक्रोच्या रेंजवर ठेवा. २ मायक्रोवर ठेवलंत तर डाव्या बाजूला नुसता १ दिसेल. त्याचा अर्थ "रेंजच्या बाहेर" एवढाच. तो बघून कंडेन्सर कचऱ्यात टाकणारा माणूस मी पाहिलाय.

काकांच्या तीन कंडेन्सरांचे माझ्या मीटरवरचे आकडे असे आले. मूळचा १.५८. दुसरा २.३१. पंख्यावरचा तिसरा २.३३.

पहिल्याबद्दल वादच नाही. ३७ टक्के खाली आहे, तेव्हा पंखा खरोखर हळू झाला असणार आणि तो बदलणं बरोबरच होतं. प्रश्न दुसऱ्याचा. मिस्त्रीने तो "२.३७५च्या खाली" म्हणून काढला. आणि तिसरा, जो नवाच होता, तोही २.३३. मिस्त्रीच्या नियमाने तोही पहिल्या दिवसापासून खराब!

इथे एक गोष्ट सगळेच विसरतात. कंडेन्सरला ±५% आहे तशी मीटरलाही स्वतःची ± आहे. तुमच्या मीटरबरोबर आलेला तो चुरगळलेला कागद उघडा आणि कपॅसिटन्सची ओळ शोधा. बाजारात मिळणाऱ्या साध्या मीटरांवर साधारण ±४% आणि वर शेवटच्या अंकात ३, असं काहीसं लिहिलेलं असतं. माझ्या मीटरवर नेमकं हेच आहे. २० मायक्रोच्या रेंजवर शेवटचा अंक म्हणजे ०.०१, त्यामुळे ३ अंक म्हणजे ०.०३. आता २.३१चा हिशेब करा. ४ टक्के म्हणजे ०.०९, त्यात ०.०३ मिळवले की ०.१२. म्हणजे मीटर २.३१ दाखवतंय तेव्हा खरी किंमत २.१९ ते २.४३च्या मध्ये कुठेही असू शकते. पट्टीची खालची रेघ, २.३७५, या पट्ट्याच्या आतच पडते. कंडेन्सर पट्टीत आहे की बाहेर, हे या मीटरने ठरत नाही.

याच्या पुढची गंमत मला स्वतःला कागदावर मांडल्यावर कळली. समजा मीटरवर बरोब्बर २.५० आलं. चूक किती धरायची? ०.१० अधिक ०.०३, म्हणजे ०.१३. खरी किंमत २.३७ ते २.६३. हा पट्टा कंडेन्सरच्या २.३७५ ते २.६२५पेक्षा केसभर रुंदच आहे! म्हणजे अशा मीटरवर "हा कंडेन्सर नक्की ±५%च्या आत आहे" असं छातीठोक सांगता येईल असा एकही आकडा येऊ शकत नाही. ज्या मापाची चूक मोजायच्या वस्तूच्या सवलतीएवढीच आहे, त्या मापाने सवलत तपासता येत नाही.

मग या मीटरने काय सांगता येतं? "नक्की बाहेर" हे सांगता येतं. मीटरवर २.२५ किंवा त्याहून कमी आलं, तर मीटरची सगळी चूक कंडेन्सरच्या बाजूने धरली तरी खरी किंमत २.३७च्या वर जात नाही. तसंच २.७७ किंवा जास्त आलं तर तो वरच्या बाजूने नक्की बाहेर. मधले सगळे आकडे, २.२६ ते २.७६, हे "सांगता येत नाही" या खात्यात. योगायोगाने २.२५ म्हणजे छापील किमतीच्या १० टक्के खाली, आणि वापरातला कंडेन्सर बदलायची माझी रेघही तीच आहे. १० टक्के गेला की बदला, त्याच्या वर असेल तर पंखा हळू होण्याचं कारण दुसरीकडे शोधा. तुमच्या मीटरच्या कागदावर वेगळे आकडे असतील तर हाच हिशेब तुमच्या आकड्यांनी करून बघा.

माझी उत्सुकता तेवढ्यावर भागली नाही. एक ओळखीचा मुलगा कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, तिथे कंडेन्सर अचूक मोजणारा चांगला एलसीआर मीटर आहे. मी दुकानातला एक नवा कंडेन्सर त्याच्याकडे मोजून आणला. तिथे २.४९ आला. तोच माझ्या मीटरवर २.४१. म्हणजे माझं मीटर या भागात साधारण ३ टक्के कमी दाखवतं. आता हा कंडेन्सर मी मापाचं वजन म्हणून ड्रॉवरमध्ये वेगळा ठेवलाय, कोणाच्या पंख्यात घालत नाही. त्याच्या जोरावर काकांच्या दुसऱ्या कंडेन्सरची खरी किंमत काढली: २.३१ गुणिले २.४९, भागिले २.४१. उत्तर २.३९. पट्टीच्या आत, काठावर का होईना. तिसऱ्याची २.४१. दोन्ही चांगले. म्हणजे दुसरा कंडेन्सर काढला तो फुकटच.

तुमच्याकडे लॅब नसेल तर दुकानात उभं राहून तीन-चार नवे कंडेन्सर, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचे, आपल्याच मीटरवर मोजा. सगळे २.३५ ते २.४५च्या मध्ये आले तर सगळ्या कंपन्या मिळून फसवतायत असं समजण्याऐवजी आपलं मीटर कमी दाखवतंय असं समजा. एकाच कंपनीच्या एकाच खोक्यातले घेऊ नका, ते सगळे एकाच बाजूला झुकलेले असू शकतात.

एक आकडा आणखी सांगतो, कारण त्यावरून दर आठवड्याला कोणीतरी येतं. छाप पुसलेला कंडेन्सर हातात घेऊन "हा २.२५चा की २.५चा?" असं विचारतात. २.२५ ±५% म्हणजे २.१३७५ ते २.३६२५. २.५ ±५% सुरू होतो २.३७५पासून. दोन पट्ट्यांमध्ये अंतर आहे ०.०१२५, जे साध्या मीटरला जेमतेम दिसतं. मोजून ओळखायच्या नादाला लागू नका. शिवाय जुना असेल तर २.५चा उतरूनही २.२५वर आलेला असू शकतो. पंख्याच्या बॉडीवरचं लेबल बघा, किंवा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या पंख्यातला बघा.

उतरून आलेला म्हणजे काय, तेही सांगायला हवं. या कंडेन्सरमध्ये पॉलिप्रॉपिलीनची पातळ फिल्म असते, तिच्यावर धातूचा त्याहून कितीतरी पातळ थर. व्होल्टेजचा झटका बसला की फिल्म एखाद्या टिंबाएवढ्या जागी फुटते, तिथला धातू क्षणात उडून जातो आणि शॉर्ट आपोआप तुटतो. कंडेन्सर वाचतो, पण तेवढं क्षेत्रफळ कायमचं गेलं. असे हजारो ठिपके पडले की २.५चा १.५८ होतो. दमट हवेत ओल आत शिरली तर थराच्या कडाही खात जातात. दोन्ही वाटा खालीच जातात. वापराने कंडेन्सर चढत नाही. म्हणून नवा घेताना २.३८वाला आणि २.५८वाला दोन्ही बरोबर असले तरी मी दुसरा उचलतो, त्याला उतरायला जागा जास्त आहे. हातात गरम असतानाच मोजला तर थोडा कमी दिसतो, पण तो फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. त्याने निकाल बदलत नाही.

"जागाच हवी तर थेट ३.१५ का नको?" हे पुढचं पाऊल बरेच मिस्त्री टाकतात. २.५च्या जागी ३.१५ म्हणजे २६ टक्के वर. पंखा थोडा जोरात फिरतो, गिऱ्हाईक खूश. पण स्टार्टिंग वायंडिंगमधून ठरल्यापेक्षा जास्त करंट कायम वाहतो, कारण या पंख्यात ते वायंडिंग सुरू झाल्यावर सुटत नाही, सतत चालूच असतं. आवाज वाढतो, मोटर तापते, आणि एखाद्या मे महिन्यात वायंडिंगचा वास येतो. वायंडिंग भरून घ्यायला जे पैसे लागतात त्यात कित्येक कंडेन्सर आले असते. तसं काही लावलेलं आढळलं तर मी पहिलं ते काढतो.

बरं, मग काकांचा पंखा हळू का? कंडेन्सरवरचा संशय मिटला, तेव्हा बाकीचं बघायला घेतलं. वीज बंद ठेवून पाती हाताने फिरवली. मोकळी फिरली, खरखर नाही, हळूहळू थांबली. म्हणजे बेअरिंग ठीक. व्होल्टेज मोजलं, २२८. काही भागांत संध्याकाळी हेच २००वर येतं आणि मग सगळ्या घरातले पंखे हळू होतात. एकच पंखा हळू असेल तर ते कारण नाही. मग पंखा लावला आणि रेग्युलेटर ५वर नेला. पंखा मस्त फिरला. काका बघत राहिले. "कालपर्यंत तर..." ४वर आणला आणि पंखा मरगळला.

काकांच्या घरी पंखा बारा महिने ४वर असतो, ५वर काकूंना वारा सहन होत नाही. मिस्त्री मात्र कंडेन्सर बदलल्यावर प्रत्येक वेळी ५वर लावून दाखवायचा, "बघा कसा पळतोय", आणि जायचा. रात्री कोणीतरी ४वर आणायचं. दोनेक दिवस नव्या कंडेन्सरच्या समाधानात जायचे आणि मग पुन्हा हळू.

आजकालच्या बहुतेक पायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये वेग कमी करायलाही कंडेन्सरच असतात, पंख्याच्या ओळीत जोडलेले. ५ नंबरला वीज थेट जाते, बाकी नंबरांना कंडेन्सरमधून. हे कंडेन्सर उतरले की त्यांच्यावर जास्त व्होल्टेज पडतं आणि पंख्याला कमी उरतं. म्हणून ५वर ठणठणीत आणि खालच्या नंबरांवर मरगळ, ही रेग्युलेटरची खूण. ५वरही हळू असेल तर पंख्याचा कंडेन्सर, बेअरिंग किंवा व्होल्टेज. ही तपासणी मीटरशिवाय, शिडीवर न चढता दहा सेकंदांत होते, आणि मी ती शेवटी केली हे कबूल करतो. आकड्यांच्या नादात माझंही तसंच होतं.

रेग्युलेटर बदलला. जुना घरी आणून उघडला, कारण तो असाही कचऱ्यातच जाणार होता. आतल्या मोठ्या कंडेन्सरवर ३.३ छापलेलं. मीटरवर २.०५, माझ्या मीटरची चूक दुरुस्त केल्यावर २.१२. छापील किमतीच्या ३६ टक्के खाली. इथे ±५% होतं की ±१०%, मीटर किती चुकतं, हे काहीच बघायची गरज पडली नाही.

आता एक सवय लावून घेतली आहे. नवा कंडेन्सर बसवण्याआधी मोजतो आणि त्याच्या अंगावर मार्करने आकडा आणि महिना लिहितो, गिऱ्हाइकाच्या मीटरवर मोजला असेल तर तसंही लिहितो. दोन वर्षांनी तोच कंडेन्सर त्याच मीटरवर मोजला की मीटरची ती ३ टक्के चूक दोन्ही वेळा सारखीच असते, म्हणून ती आपोआप कटते. मग २.४४ लिहिलेला २.४१ दाखवत असेल तर त्याला हात लावायचा नाही. २.२०वर आला असेल तर तो खरंच १० टक्के उतरला, बाहेर काढायचा. छापील २.५शी तुलना करण्यापेक्षा त्याच्याच पहिल्या दिवसाशी केलेली ही तुलना कितीतरी जास्त सांगते.

काकांकडून निघताना ड्रॉवरमधला तो २.३१वाला मागून घेतला आणि आतल्या खोलीतल्या पंख्यात लावला, कारण तिथला खरंच १.९वर आला होता. अंगावर "२.३१, मार्च" लिहून ठेवलंय. काकांनी वाटी वर सरकवताना तो आकडा वाचला आणि विचारलं, "हा तोच ना, खराब म्हणून काढलेला?"